आमची वाटचाल : इंटर्नचं चॅनल आणि मेंटरचा तास

आमची कंपनी छोटी. तरीही इंटर्नच्या बॅचचं चॅनल आम्ही जसं चालवतो तसं मोठ्यांनाही जमलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. सोमवारी एकच पिन केलेला मेसेज. त्यात आठवड्याचं काम, कुठल्या फाइलपासून सुरुवात करायची आणि काम 'झालं' कधी म्हणायचं, एवढंच. पुढच्या आठवड्याचं काम दाखवायचं नाही. मंगळवारी आणि गुरुवारी मेंटरचा एकेक तास. प्रश्न चॅनलमध्येच विचारायचे, नाहीतर तेच उत्तर पाच जणांना खासगीत द्यावं लागतं.

कामं कुठून आणायची? आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाकडून. त्यांच्या किरकोळ तक्रारींची वही कधी रिकामी होत नाही. बटणावरचं चुकीचं नाव, रिकाम्या यादीवर अडकणारं पान... एका आठवड्यात संपतं आणि कुणीतरी खरंच वापरतं. बनावट सरावाला ही सर नाही.

मग एका बड्या स्पर्धकाने ऐन बॅचमध्ये आमचे दोन्ही मेंटर उचलले. जाताना कामांची यादीही गेली. सोमवारचे मेसेज मी चालू ठेवले, पण तास बंद पडले आणि चॅनल शांत झालं. एक मुलगी रोज लिहायची, "चालू आहे." कोड मात्र एकदाही पुश झाला नव्हता.

माझा पहिला भागीदार, कोडिंग कधीच सोडलेला, त्या गुरुवारी तासाला येऊन बसला. उलगडा झाला तो असा. तिने जुनी आवृत्ती बघायला एक जुना कमिट चेकआउट केला आणि तिथेच काम करून कमिट केलं. हे डिटॅच्ड हेड, म्हणजे काम कुठल्याच ब्रँचवर नाही. नंतर मेनवर परतली आणि काम गायब! परतताना गिटने इशारा दिला होता, पण नवख्याला तो कुठला कळायला? घाबरून ती सगळं पहिल्यापासून लिहीत होती. भागीदाराने दोनच कमांड द्यायला लावल्या:

```
git reflog
git branch vachav a1b2c3d
```

पहिल्या कमांडने हरवलेल्या कमिटचा क्रमांक दिसला (इथला नमुन्याचा आहे), दुसरीने त्याला ब्रँचचं नाव मिळालं. असे कमिट गिट लगेच पुसत नाही, पण कायमचे ठेवतही नाही.

तेव्हापासूनचा नियम : अर्धा तास अडलात की लिहा. काय करायचं होतं, कुठली कमांड दिली, पडद्यावर नेमकं काय आलं. एररचा मजकूर जसाच्या तसा. कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो, "काही अडचण आहे का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येतं. "`git status` काय म्हणतंय ते इथे टाक," असं म्हणा. आणि दोन दिवस पुश नसेल तर तासाची वाट न बघता स्वतः फोन करा.

त्या स्पर्धकाकडे आमचीच यादी आजही फिरते म्हणे, सगळे आठवडे पहिल्याच दिवशी हातात. मेंटरचा तास मात्र त्यांनी ठेवलेला नाही. त्यांच्याकडून अर्ध्यात सुटलेली मुलं आमच्या पुढच्या बॅचला अर्ज करतात.