मोडी पानाचे तीन रकाने: घोडं अडतं ते ओळींपाशी

मोडी शिकणाऱ्यासाठी पत्राच्या फोटोवरून वाचनपान बनवायचं, तर फोटो आणि टायपिंग सहज निभतं. डोकं फिरतं ते रकाने जुळवताना. पहिल्या रकान्यात मोडी नक्कल, दुसऱ्यात देवनागरी लिप्यंतर, तिसऱ्यात आजच्या मराठीतला अर्थ. तयार नमुने तिन्ही रकाने ओळीला ओळ लावून देतात आणि तिथेच सगळं बिघडतं. मला तर या नमुन्यांचा आता रागच येतो.

मोडीत आधी शिरोरेघ ओढून खाली सलग लिहीत जातात. शब्दांत जागा सुटत नाही आणि कागद संपला की शब्द मधेच तुटतो. नेहमीचा मायना घ्या. एका ओळीत येतं ‘येथीलकुशलताछ५रमजा’ आणि पुढच्या ओळीत ‘नमुकामपुणेजाणून’. ओळीपुढे ओळ अर्थ लावला, तर ‘रमजा’ला अर्थच नाही, आणि ‘नमुकाम’ बघून शिकणारा नकार शोधत बसतो.

मग मी ठरवलं की ओळी फक्त पहिल्या दोन रकान्यांत जुळवायच्या. लिप्यंतर असं: ‘येथील कुशल ता[गाईत] छ ५ रमजा/’, खाली ‘न मुकाम पुणे जाणून’. ‘छ’ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्यातली तारीख. तिरकी रेघ म्हणजे शब्द इथे तुटला. उभी रेघ वापरू नका. ‘मु॥’सारख्या संक्षेपात दंड मुळातच असतो, त्यामुळे घोटाळा होतो. चौकोनी कंसातलं आपण भरलेलं, बाकी लेखकाचं. शब्दांमधली जागाही आपलीच असते, हे पानाच्या वर एकदा लिहून ठेवावं. ती चुकली की ‘ताछ’ हा भलताच शब्द तयार होतो.

अर्थाचा रकाना मात्र वाक्याने चालतो. त्या दोन ओळींसमोर एकच जोडलेला चौकोन ठेवायचा, डोक्यावर ‘ओळ १-२’: ‘रमजानच्या पाचव्या चंद्रापर्यंत मुक्काम पुणे येथे आम्ही कुशल आहोत, हे जाणून…’ वाक्य पाचव्या ओळीपर्यंत गेलं, तर चौकोनही तिथवर जाऊ द्या. मजकूर चौकोनात वरून सुरू होऊ द्या. मधोमध ठेवला की नजर चुकीच्या ओळीवर जाते.

‘मुकाम’चं ‘मुक्काम’ तिसऱ्या रकान्यातच करा. दुसऱ्यात शुद्धलेखन सुधारलं की शिकणारा फोटोत नसलेला जोड शोधत राहतो. वेलांटी-उकार वेगळे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, त्यामुळे तिथे लिप्यंतरात आजचं रूप चालतं. तेही वर नोंदवा.

एक राहिलंच: फोटो चौथा रकाना करू नका, अक्षरं मुंगीएवढी होतात. तो आडव्या पानावर पूर्ण रुंदीत वर लावा आणि डाव्या समासात तेच ओळ क्रमांक टाका. मोडी रकान्याला Noto Sans Modi चालतो, पण फाइल पीडीएफ करूनच पाठवा. समोरच्याकडे फॉन्ट नसेल, तर त्याला नुसते चौकोन दिसतात.