स्टेपनीवरचे चार आकडे

परवा पहाटे आमच्या गल्लीतली बेचाळीस माणसं घेऊन औंढा नागनाथ, परळी, तुळजापूर करायचंय. निम्मे साठीच्या पुढचे. म्हणून आज संध्याकाळी गाडी बघायला गेलो.

पुढचे दोन्ही टायर चांगले होते. स्टेपनीची नक्षीही कोरी दिसली. पण टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ते फडक्यानं पुसून वाचले: १४१७. म्हणजे २०१७ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. नखानं दाबलं तर रबर कडक, आणि रिमजवळ केसासारख्या बारीक भेगा. न वापरताही रबर म्हातारं होतं. आपल्याकडच्या उन्हात, भरल्या गाडीखाली असा टायर किती टिकणार?

घरी येऊन मालकांना मेसेज टाकला:

"भाऊ, नमस्कार. स्टेपनी बदलून द्या, तारीख दिसेल असा फोटो पाठवा. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा गाडी थंड असताना गेजनं मोजा. तो बसला तर बाहेरचा टायर सगळा भार घेतो, तापतो आणि फुटतो; वरून बघून कळत नाही. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर नको. जॅक, पाना गाडीत ठेवा. टायरचे जास्तीचे पैसे लागले तर बोलू, पण त्या स्टेपनीवर मी माणसं बसवणार नाही."

आत्ताच उत्तर आलं, "उद्या दुपारपर्यंत बदलतो, काका." फोटो आला की मगच उरलेलं भाडं देणार.