माझा थेंब तरंगला

२६ जानेवारीच्या रक्तदान शिबिराची पोस्ट मीच बनवली होती. पाच स्लाइड. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देणार असाल तर ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो. झेंडावंदन झाल्यावर, जिल्हा परिषद शाळेत. शेवटची स्लाइड गैरसमजांची. आणि एवढं गावभर पाठवल्यावर रांगेत पहिली मीच.

बोटाला सुई टोचली. थंडीनं बोट गार, रक्त येईना, म्हणून तंत्रज्ञानं ते पिळलं आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब वरच रेंगाळला. "अनफिट. पुढे." फॉर्मवर लाल पेनानं एक रेघ, बस. किती कमी, काऊन कमी, आता काय करायचं, काही नाही. मागून एक काकू बोलल्याच, "हिच्याच अंगात रगत नाही, तं आपण कायले टोचून घ्याचं वं?" तिघीजणी रांगेतून निघून गेल्या. माझ्या पाच स्लाइडची किंमत तिथंच कळली.

ते निळं पाणी म्हणजे मोरचूद. संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो लावतो, त्यातलंच. फक्त इथं ते अगदी मोजून कालवलेलं असतं. रक्तात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा जास्त असेल, तर थेंब त्या पाण्यापेक्षा जड होतो आणि १५ सेकंदांत तळाशी जातो. कमी असेल तर तरंगतो नाहीतर मधेच अडखळतो. म्हणजे ही तपासणी हो किंवा नाही एवढंच सांगते, आकडा सांगत नाही. शिवाय बोट पिळलं की आतलं पाणी रक्तात मिसळतं, थेंब पातळ होतो आणि चांगला माणूसही नापास होऊ शकतो.

मला पिळल्याचाच संशय होता, म्हणून शिबिरातल्या डॉक्टरांकडे जाऊन हटूनच बसले. त्यांनी हात चोळून गरम करायला लावला, दुसऱ्या बोटाला टोचलं, पहिला थेंब कापसानं पुसला आणि दुसरा सोडला. तोही तरंगला. झालं, आता वाद कोणाशी घालणार?

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात आकडा कळला, ११.९. मॅडम म्हणाल्या, बाईला १२ च्या खाली आलं की पंडुरोग धरतात, तू जराशी खाली आहेस. पण एखादीचं १२.२ असेल, तर ती आजारी नाही, तरी शिबिरातून परत येईलच. कारण १२.५ ची अट तब्येत चांगली की वाईट हे ठरवायला नाही, रक्त दिल्यावर देणारीचंच कमी पडू नये म्हणून आहे. हे वाक्य शिबिरात कोणी मोठ्यानं म्हटलं असतं, तर त्या तिघी कदाचित थांबल्या असत्या. अजूनही राग जात नाही माझा.

आपल्या भागात सिकलसेल आहे, म्हणून त्यांनी आधी ती तपासणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली, मग लोहाच्या गोळ्या दिल्या. शौच काळी होते, घाबरू नका. गोळीच्या आगंमागं चहा नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. माझा खरा त्रास तोच होता, जेवण झालं की कपभर चहा लागायचाच. तो दोन तास पुढं ढकलला आणि जेवताना लिंबू सुरू केलं.

१४ एप्रिलला जयंतीचं शिबिर विहारात होतं. उन्हामुळे सकाळी ७ ते ११. या वेळी पोस्टची पहिलीच स्लाइड थेंबाची केली: "थेंब तरंगला म्हणजे तुम्ही आजारी आहात असं नाही. आरोग्य केंद्रात आकडा विचारा, पुढच्या वेळी या." दुसरीवर "नाश्ता करून या", कारण जानेवारीत पहाटेपासून उपाशी असलेल्या दोन पोरांना चक्कर आली होती आणि गावानं दोष रक्तदानाला दिला. पाळी सुरू असेल तर तेवढे दिवस थांबायचं, बाळ अंगावर पीत असेल तर द्यायचं नाही, हे मात्र तेव्हाही राहिलंच. नंतर व्हॉइस मेसेज टाकला.

आणि हो, माझा थेंब. सरळ तळाशी. ३५० मिलिलिटरची पिशवी भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जानेवारीतल्या त्या काकू खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "बुडाला का वं?" मग त्यांनीही बोट पुढं केलं. त्यांचा तरंगला. दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन आरोग्य केंद्रात गेले.

पुरुषांना पुन्हा द्यायला ९० दिवस थांबावं लागतं, बायांना १२०. १५ ऑगस्टला माझे १२३ होतात, मोजून ठेवलेत.