खानावळीतले काळे पट्टे

मी व्हिडिओ संकलनाचे काम करतो. गेल्या श्रावणात नुकतेच व्लॉगिंग सुरू केलेली एक मुलगी, पुण्यातल्या एका जुन्या खानावळीत चित्रित केलेला आपला पहिला भाग घेऊन माझ्याकडे आली. भाकरी थापणाऱ्या मावशींचे दृश्य सुरेख होते. पण पडद्यावर काळसर आडवे पट्टे सतत सरकत होते. कॅमेरा बिघडला असावा, असे तिने गृहीत धरले होते.

मी फाइलची माहिती उघडून पाहिली, तर फ्रेम रेट ३० होता, म्हणजे सेकंदाला ३० चित्रे. शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ, किती ठेवले होते, असे विचारल्यावर ती म्हणाली, "दादा, १/६० ठेवलं होतं. शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचं, हा नियम मी पाळला होता." नियम बरोबरच होता, पण खानावळीत चोकच्या जुन्या ट्यूबलाइट होत्या. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अशा ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही. परंतु १/६० सेकंदात अशी पूर्ण आवर्तने बसत नाहीत, पावणेदोनच्या आसपास बसतात, आणि सेन्सर चित्र ओळीओळीने टिपत असल्यामुळे काही ओळींच्या वाट्याला कमी प्रकाश येतो. १/५० मध्ये मात्र नेमकी दोन आणि १/१०० मध्ये एक आवर्तन बसते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथल्या व्हिडिओंत ३० आणि १/६० ही जोडी चालते. आपण ती तशीच उचलली की ती अंगाशी येते.

एकसारखी लुकलुक संकलनात बरीच कमी करता येते, पण सरकते पट्टे हातावरून आणि चेहऱ्यावरून जाऊ लागले की सॉफ्टवेअर हात टेकते. म्हणून मी तिला फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवून पुन्हा चित्रीकरण करायला सांगितले.

अंधाऱ्या बोळातून चालतानाच्या दृश्यातही चित्र धडधडत होते. डिजिटल स्टॅबिलायझेशन चौकटीच्या कडा कापून हलणारे चित्र जागेवर आणते, पण शटर उघडे असताना फ्रेममध्ये उमटलेला धूसरपणा त्याला पुसता येत नाही. पाऊल पडले की स्थिर चित्र क्षणभर अस्पष्ट होते, ते यामुळे. तिथे उभे राहून बोलणेच बरे.

रंगांसाठी तिने लॉग प्रोफाइल, म्हणजे रंग नंतर संकलनात घडवता यावेत म्हणून फिके चित्र टिपणारी सोय, निवडले होते, तेही रंगांच्या कमी छटा नोंदवणाऱ्या ८ बिटमध्ये आणि कमी उजेडात. मी सावल्या थोड्या उजळल्या, तर भिंतीवर रंगांचे टप्पे आणि दाणे दिसू लागले. (लॉगचे वेड मलाही होते, त्यामुळे रागावण्याचा अधिकार मला नव्हता.) १० बिटची सोय होईपर्यंत साधे प्रोफाइल वापर, असे मी तिला सुचवले.

चार दिवसांनी तिने आधी पंधरा सेकंदांचा तुकडा तपासायला पाठवला. पट्टे गेले होते. मावशींच्या बांगड्यांवरचा हिरवा रंगही जागेवर होता.