जर्मनचं भगुनं, स्टीलचा गंज आणि गाडगं

आठवीतल्या पुतणीला उष्णतावहनाचा प्रयोग करायचा होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघर आमच्या ताब्यात. जर्मनचं भगुनं, स्टीलचा गंज आणि कुंभाराकडचं गाडगं. तिन्हीत अर्धा अर्धा लिटर पाणी, गॅसची आच तीच, थर्मामीटरचा फुगा बुडाला टेकू द्यायचा नाही, आणि पाणी 30 अंशावरून 90 वर जायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बघायचं. (गाडगं आधी भिजवून घ्या आणि आच बारीकच ठेवा, नाहीतर तडकतं.)

ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून चांगलं वाहक, त्यामुळं जर्मन लई पुढं जाईल असं पोरीला वाटलेलं, पण दोघं जवळपास सोबतच पोचले. "काका, तुमचं स्टॉपवॉच बिघडलंय!" स्टॉपवॉच चांगलंच होतं. भांड्याचा बूड जेमतेम एक मिलिमीटर, तेवढ्यातून तर स्टीलमधूनही उष्णता झटक्यात पार होते, खरी अडचण त्याच्या आधी असते, जाळाची गरम हवा बुडाला उष्णता देते तिथं, आणि ती दोघांनाही सारखीच. टोलनाक्यावर गाड्या तुंबल्या की पुढचा रस्ता दोन पदरी असो नाहीतर चार पदरी, काय फरक पडतो?

गाडगं मागं पडलं ते मात्र नुसतं वहनामुळं नाही. अर्धा लिटर पाणी 60 अंशानं तापवायला साधारण 125 किलोज्यूल लागतात, स्टीलचा पाव किलोचा गंज स्वतः सात-आठ खातो, आणि किलोभराचं गाडगं पन्नासच्या वर! शिवाय त्याची भिंत जाड. म्हणूनच गॅस बंद केल्यावरही त्यातला पारा जरासा चढतो, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं.

म्हणजे पाणी उकळून नुसतं वहन मोजल्या जात नाही. मग आम्ही जाळ काढूनच टाकला. भांडी अर्धी भरतील एवढं उकळतं पाणी ओतलं, वर चमचाभर तेल सोडलं म्हणजे वाफेनं काठ तापणार नाही, आणि पाण्याच्या रेषेच्या वर चार सेंटिमीटरवर बाहेरून मेणबत्तीच्या मेणानं ज्वारीचा दाणा चिकटवलेला होता. आता उष्णतेला भांड्याच्या भिंतीतूनच वर चढावं लागतं. जर्मनचा दाणा थोड्याच वेळात टपकन खाली, बाकी दोन्ही ढिम्म. मग दाणा एकाच सेंटिमीटरवर लावून पुन्हा केलं तर स्टीलचा पडला आणि गाडग्याचा पाणी कोमट होईस्तोवर जागचा हलला नाही.

यातही एक गोम आहे बरं का. गाडग्याची भिंत स्टीलच्या कितीतरी पट जाड, म्हणजे उष्णतेला वाट रुंद मिळते, त्यामुळं माती आणि स्टील यांच्यात खरा फरक आहे त्यापेक्षा तो कमीच दिसतो. पोरीनं वहीत जाडीचा वेगळा रकाना आखला आणि माझ्याकडं पट्टी मागितली.