बाईंनी परत केलेलं पत्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी कपाटातून दहावीची फाईल काढली. तिच्यात एक पत्र आहे. ते मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला लिहिलं होतं. तिनं पाठकोऱ्या बाजूला उत्तर लिहून ते मलाच परत दिलं, म्हणून माझ्याकडं राहिलं.

साल १९८७. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी केशवराव भोसले नाट्यगृहात ‘एकच प्याला’ पाहिलं होतं. (२०२४च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळाल्याची बातमी ऐकली, तेव्हा मला आधी त्या दिवशीचा पडदा आठवला.) मराठीच्या बाईंनी करवीर नगर वाचन मंदिरातून गडकऱ्यांच्या नाटकाची प्रत आणून महत्त्वाचे प्रवेश वर्गात वाचले आणि ‘एकच प्याला : एक शोकांतिका’ असा निबंध लिहायला सांगितला. निबंध जमा झाल्यावर मात्र त्यांनी ते तपासले नाहीत. वह्यांची अदलाबदल केली आणि जिची वही हातात आली तिला पत्र लिहा म्हणाल्या.

मी लाल पेन घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं अशा तेवीस चुका काढल्या आणि खाली लिहिलं, ‘निबंध छान आहे, अक्षर सुधार.’ बाईंनी पत्र परत केलं. म्हणाल्या, “शुद्धलेखन मी बघेन. तिला म्हणायचं काय आहे, ते तुला कळलं का?” मला सांगता येईना. मग त्यांनी पद्धत सांगितली. पहिल्यांदा वाचताना हातात काही घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घ्यायची, लाल पेन नाही. पत्राच्या सुरुवातीला तिचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. तिला ते आपलं वाटलं नाही, तर एक तर आपण नीट वाचलेलं नसतं किंवा तिनं नीट लिहिलेलं नसतं, आणि यातलं कोणतं खरं ते दोघींनी बसून शोधायचं. एक मोठी गोष्ट सांगायची, एक-दोन लहान. प्रत्येक वेळी पान दाखवायचं. तिची वाक्यं आपण लिहून द्यायची नाहीत.

दुसरं पत्र लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यातला मुख्य भाग असा :

“तुझा निबंध मी दोनदा वाचला. मला कळलं ते असं : सुधाकर हुशार वकील होता, तळीरामाच्या संगतीनं दारूला लागला, दारूनं घर धुळीला मिळालं, म्हणून ही शोकांतिका. तुझं म्हणणं हेच आहे ना? नसेल तर पुढचं वाचू नकोस, आधी मला सांग.

“सहा पानांपैकी साडेचार पानांत तू गोष्ट सांगितली आहेस. ती मीही पाहिली आहे. उरलेल्या दीड पानात दारू वाईट असं आहे. मी एक करून पाहिलं. सुधाकरच्या जागी आपल्या गल्लीतला कुणीही दारुडा ठेवला आणि तुझी वाक्यं पुन्हा वाचली. एकही वाक्य बदलावं लागलं नाही. मग हा निबंध सुधाकरवर कसा झाला?

“पान २ वर तू लिहितेस, ‘तळीरामाने त्याला दारू पाजली.’ पण त्याच्या आधी काय होतं? कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते. सुधाकरला तो अपमान गिळता येत नाही. प्याला तळीराम पुढं करतो हे खरं, पण घेणाऱ्याच्या मनात आधीच आग लागलेली आहे. आता पान ४ बघ. तो दारू सोडतो, काम मागायला जातो, लोक त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा पितो. हे तू एका ओळीत उरकलंस. दोन्ही वेळा दारूच्या आधी अपमान आहे. हे दोन प्रवेश तू शेजारी शेजारी ठेवलेस तर काय दिसेल?

“बाईंनी ॲरिस्टॉटलचं सांगितलं होतं ते आठव. शोकनाट्यातला माणूस अगदी सज्जन नसतो आणि दुष्टही नसतो, तो मधला असतो आणि त्याच्या हातून एक मोठी चूक होते. तुझा सुधाकर पहिल्या पानावर देव आहे आणि पाचव्यावर राक्षस. मधला माणूस मला सापडला नाही. शेवटी तिघं मरतात म्हणून ही शोकांतिका, असं तू म्हणतेस. पण बाई कधी कधी ‘शोकात्मिका’ म्हणतात. दुःख नुसतं शेवटाला नसतं, पहिल्यापासून आत मुरलेलं असतं, म्हणून. तसं असेल तर तुझा पुरावा शेवटच्या अंकात नाही, पहिल्या अंकात आहे.

“लहान गोष्ट : सिंधूला तू सात वेळा ‘बिचारी’ म्हटलंस. बिचारी म्हटलं की तिनं काही केलं असं वाटतच नाही. पण माहेरी जायला ती नकार देते. ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद तिच्या निर्णयाचंच आहे. माहेरचा पैसा ती घेत नाही, दळण दळते. तो निर्णय तुला पटतो की नाही, ते लिही.

“आणि आर्य मदिरा मंडळावरचा परिच्छेद काढून टाक. तो विनोदी भाग आहे, शोकांतिकेशी त्याचा संबंध नाही.”

या शेवटच्या सूचनेबद्दल मला तेव्हा सगळ्यात जास्त खात्री होती. उत्तरात तिनं नेमकी तीच नाकारली.

तिनं लिहिलं होतं : “गोष्ट कमी करते. दोन अपमानांचं मला दिसलंच नव्हतं, आता निबंधाची सुरुवात कोर्टापासून करते. पण मंडळाचा परिच्छेद काढणार नाही. ते प्रवेश बघताना आपण सगळ्या हसलो, तू तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसलीस. हसता हसता आपल्याला दारूची भीती वाटायची बंद झाली. तळीराम आजारी पडतो तेव्हा वैद्य आणि डॉक्टरांच्या भांडणालाही आपण हसत होतो, आणि तो मरतो. नाटकानं आपल्याला सुधाकरसारखंच बेसावध केलं. हे मला नीट लिहिता आलं नाही, पण आहे ते त्यातच.”

मी तिचा परिच्छेद पुन्हा काढून वाचला. हा विचार खरंच तिथं होता, तिसऱ्या ओळीत, अर्धवट. मी त्या ओळीवरून दोनदा गेले होते आणि ‘विनोदी’ हा शब्द दिसताच थांबले होते. तिथं ‘काढून टाक’ ऐवजी ‘हे इथं का आहे?’ एवढंच विचारलं असतं, तर ती ओळ आम्हा दोघींना आधीच सापडली असती. बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी माझ्या पत्रातल्या त्या वाक्याखाली पेन्सिलीनं एक रेघ मारली. ती अजून दिसते.

तिचा दुसरा खर्डा चार पानांचा झाला. कथानक एका परिच्छेदात आलं, सुरुवात कोर्टातून झाली आणि मदिरा मंडळाला अख्खं पान मिळालं. सुधाकर नोकरी मागायला जातो त्या जागी तिनं लिहिलं होतं की इथं एक दार उघडलं असतं तर नाटक इथंच संपलं असतं, म्हणून मला शेवटच्या अंकापेक्षा हाच प्रवेश बघवत नाही.

सातपैकी सहा ‘बिचारी’ गेले होते. एक दळणाच्या प्रवेशात तसाच होता. त्याच्या शेजारी, समासात, तिनं माझ्यासाठी पेन्सिलीनं लिहिलं होतं, “हा राहू दे. निर्णय तिचाच आहे, कळलं मला. तरी जात्याशी बसलेली मला बिचारीच दिसते.”