सहा हजार चौसष्टमधले चार रुपये

सांगलीतील एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत मी समवर्ती लेखापरीक्षणासाठी बसलो होतो, तेव्हा मार्केट यार्डात हळदीची वाहतूक करणारे एक टेम्पोमालक खातेउतारा घेऊन आले. त्यांचा एकच हप्ता थकला होता आणि पुढच्या महिन्यात व्याज ६,००० ऐवजी ६,०६४ रुपये का लागले, एवढेच त्यांना विचारायचे होते. कर्ज अधिकाऱ्यांनी "काका, हप्ता चुकला की व्याज वाढतंच," असे सांगून उतारा परत दिला. उत्तर अर्धे खरे होते, म्हणूनच ते मला जास्त खटकले.

येणे बाकी ६,००,००० रुपये, दर १२ टक्के, हप्ता २०,००० रुपये. पहिल्या महिन्याचे ६,००० रुपये व्याज खात्याला नावे पडले आणि हप्ता न आल्यामुळे बाकी ६,०६,००० झाली. तिच्यावरचे पुढील महिन्याचे व्याज ६,०६० रुपये होते. हे वाढीव साठ रुपये योग्यच आहेत, कारण करारातील दराने होणाऱ्या चक्रवाढीला रिझर्व्ह बँकेने हात लावलेला नाही. उरलेले चार रुपये मात्र कोठून आले, हे त्या शाखेत कोणीही पाहिले नव्हते.

पूर्वी हप्ता चुकला की थकीत रकमेवर दोन टक्के जादा दर लावत, ते दंडव्याज मूळ खात्यातच नावे पडत असे आणि त्यावरही पुन्हा व्याज चढत असे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हे बंद केले. दंड हा शुल्क म्हणूनच घ्यायचा, तो व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्याच्यावर व्याज आकारायचे नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आणि जुनी कर्जे ३० जून २०२४ पर्यंत या पद्धतीत आणायची होती. या बँकेने थकीत हप्त्यावर दोन टक्के, म्हणजे ४०० रुपये शुल्क ठरवले होते. संगणकात मात्र दंडव्याजाच्या जुन्याच लेखाशीर्षाचे नाव बदलले गेले आणि त्याची जोडणी मूळ खात्याशी तशीच राहिली. त्यामुळे ते ४०० रुपये बाकीत मिसळून ती ६,०६,४०० झाली आणि तिच्यावर चार रुपये व्याज जास्त निघाले. नाव बदलले म्हणजे पालन झाले, असे समजणाऱ्या मुख्यालयाचा मला मनापासून राग आला.

ही चूक उताऱ्यावरून ओळखता येते. शुल्काची नोंद झाली की त्यानंतरची बाकी तेवढ्याने वाढली आहे का, ते पाहावे. वाढली असेल, तर शुल्क वगळून पुढचे व्याज स्वतः काढावे आणि बँकेने लावलेल्या व्याजाशी ताडून पाहावे. शुल्क वेगळ्या येणे खात्यात ठेवले असेल, तर दोन्ही आकडे जुळतात.

मी अहवालात शुल्काची नोंद मूळ खात्यातून मागील तारखेने काढून व्याज पुन्हा आकारावे, असे लिहिले. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, चार रुपयांसाठी?" टेम्पोमालकांचे चार रुपये दुरुस्त झाले आणि चालू थकीत खात्यांची यादीही तयार झाली. मधल्या काळात सगळे पैसे भरून ज्यांनी कर्जखाती बंद केली, त्यांना फरक परत देण्याचा माझा मुद्दा अजून अनुत्तरित आहे.